न्याहारी बंद, भाकरी बंद आणि शौचासही बंद

बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन येणाऱ्या वृद्ध रुग्णाला आम्ही डॉक्टर ठरावीक प्रश्न विचारतो. पाणी किती पिता, चालणे होते का, औषधे कोणती चालू आहेत. रुग्णाचे नातेवाईकही घरून हीच उत्तरे तयार करून आणतात. पण गेल्या काही वर्षांत मी आणखी एक प्रश्न आवर्जून विचारू लागलो आहे: गेल्या दोन-तीन महिन्यांत जेवणातून काय काय वजा झाले? पुष्कळदा बद्धकोष्ठाचे मूळ याच उत्तरात सापडते, आणि रुग्णाने ते आपणहून सांगितलेले नसते. कारण वजन उतरलेले असते, साखर आटोक्यात आलेली असते, घरात सगळे खूष असतात. ज्या आहाराने एवढे भले केले, त्यावर संशय घ्यावा असे कोणाच्या मनातही येत नाही.

एका रुग्णाची हकीगत सविस्तर सांगतो. वय ६९, बारा वर्षांचा मधुमेह, गोळ्या दोन: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मुलाने स्वतःसाठी कमी कर्बोदकांचा आहार सुरू केला होता. एकाच घरात दोन स्वयंपाक कशाला, म्हणून आईही त्यात सामील झाल्या. दहा आठवड्यांत त्यांचे वजन सहा किलोने उतरले. सुनेने त्यांना माझ्याकडे आणले ते मात्र जुलाब होतात म्हणून.

"डॉक्टर, महिनाभर आईंना शौचास साफ होत नव्हते, रोज रात्री चूर्ण घेत होत्या. आता दोन दिवस नुसते पाण्यासारखे होते आहे. आम्ही जुलाब थांबण्याची गोळीही दिली," सूनबाई म्हणाल्या.

मी आईंना विचारले, "पूर्वी तुमचे जेवण कसे असे?" त्या म्हणाल्या, "आमचे साधेच हो. दुपारी दोन भाकऱ्या, पालेभाजी, आमटी. संध्याकाळी एक भाकरी आणि मुगाची उसळ. मध्ये एखादा पेरू." मग नव्या आहाराचा हिशेब मांडला. सकाळी न्याहारी नाही, फक्त तूप घातलेली काळी कॉफी. दुपारी दोन अंडी, पनीर, थोडी काकडी, दहा बदाम. संध्याकाळी सहाला पनीर किंवा चीज आणि वाटीभर भाजी. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत काही नाही.

आता या दोन ताटांतील चोथा, म्हणजे तंतुमय भाग, मोजून पाहू. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात. एका मध्यम भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ धरले तर तीन भाकऱ्यांतून पंधरा ग्रॅम मिळाले. सालासकट मुगाच्या उसळीतून चार-पाच, आमटीतून दोन, भाजी आणि पेरूतून आठ-नऊ. एकूण तीसच्या आसपास. प्रौढ व्यक्तीला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू मिळावेत असे सांगितले जाते. म्हणजे आईंचे जुने साधे जेवण त्या मापात चोख बसत होते. नव्या ताटात अंडी, पनीर, चीज आणि तूप यांतून तंतू मिळतात शून्य. बदाम, काकडी आणि वाटीभर भाजी यांचे मिळून सहा-सात ग्रॅम. तीसवरून सातवर, तेही एका आठवड्यात.

मल म्हणजे केवळ अन्नाचा उरलेला भाग नव्हे. त्यात पाणी असते, तंतू असतात आणि तंतूंवर पोसलेल्या जंतूंचाही मोठा वाटा असतो. तंतू घटले की हे जंतूही घटतात, पाणी धरून ठेवणारे काही उरत नाही, आणि मलाचे आकारमान आक्रसते. मोठ्या आतड्याला पुढे ढकलण्यासाठी काहीतरी भरीव लागते. लहानसा ऐवज त्यात रेंगाळतो. जितका रेंगाळतो तितके त्यातील पाणी शोषले जाते, आणि शेवटी खडे तयार होतात.

पाण्याची दुसरीही एक वाट आहे. आपले यकृत आणि स्नायू कर्बोदकांचा साठा करतात, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात, भाकरी एकदम बंद केली की काही दिवसांत हा साठा रिकामा होतो आणि ते पाणी लघवीवाटे निघून जाते. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारे दोन किलो बहुतांशी हेच. शिवाय आमटी, ताक, रसभाजी यांतून नकळत पोटात जाणारे पाणीही बंद होते. तरुण माणसाला तहान लागते आणि तो भरपाई करतो. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे वृद्ध माणूस कोरडा पडत जातो आणि त्याला ते कळतही नाही.

राहिली न्याहारी. पोटात अन्न उतरले की जठर ताणले जाते आणि मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो. ही प्रतिक्रिया सकाळी, रात्रीच्या विश्रांतीनंतर सर्वांत जोरकस असते. चहा-न्याहारीनंतर अर्ध्या तासात शौचास जाण्याची जी आयुष्यभराची सवय असते, तिच्यामागे हे कारण आहे. कॉफीही आतड्याला थोडे हलवते, पण भरल्या पोटाचे काम एक कप कॉफी करू शकत नाही. न्याहारी सुटली की ती वेळ निघून जाते; वेग येतो तो क्षीण, आणि आला तरी दुखेल या भीतीने दाबला जातो. मलाशय मग भरलेलेच राहण्याला सरावते.

जेवण टाळण्याचा हा प्रकार केवळ नव्या आहारपद्धतींतच आढळतो असे मात्र नाही. एकट्या राहणाऱ्या आजी एकदाच रांधतात आणि रात्री चहा-बिस्किटांवर भागवतात. कवळी टोचते म्हणून भाकरी सोडून दुधात पोळी कुस्करून खाणारे आजोबा आहेत. रात्री लघवीला उठावे लागू नये म्हणून संध्याकाळचे जेवण आणि पाणी दोन्ही सोडणारेही आहेत. चातुर्मासात आठवड्याला दोन उपवास धरून त्या दिवशी साबुदाणा खाणाऱ्यांची गणनाही मी यातच करतो, कारण साबुदाण्यात तंतू जवळजवळ नसतातच.

आता त्या जुलाबांविषयी. तपासणीत आईंच्या मलाशयात घट्ट गोळा हाताला लागला. वरचा पातळ मल त्या गोळ्याच्या कडेने पाझरत होता. हे जुलाब नव्हेत, ही तुंबलेल्या बद्धकोष्ठाची शेवटची पायरी आहे. आणि जुलाब थांबवणारी गोळी अशा वेळी तुंबलेल्या मोरीला बोळा घालण्यासारखी ठरते. वृद्ध व्यक्तीला बरेच दिवस कठीण मल होत असताना अचानक पाण्यासारखे होऊ लागले, कपड्याला नकळत डाग लागू लागले, पोट जड आणि भूक मंद असेल, तर घरी काहीही न देता डॉक्टरांकडून मलाशय तपासून घ्यावे.

आईंना आधी एनिमा देऊन तो गोळा काढला, मग काही दिवस मल मऊ ठेवणारे औषध दिले. त्यानंतर ताट दुरुस्त केले. पहिल्या आठवड्यात फक्त न्याहारी परत आणली: मुगाचे एक धिरडे आणि पाठोपाठ कोमट पाणी, मग दहा मिनिटे शौचकूपात बसणे, पायाखाली लहान पाट ठेवून. दुसऱ्या आठवड्यात दुपारची एक भाकरी, तिसऱ्यात संध्याकाळची उसळ. तंतू एका दिवसात सातवरून तीसवर नेले तर वायू धरतो, पोट फुगते आणि रुग्ण सारेच सोडून देतो. म्हणून दर आठवड्याला चार-पाच ग्रॅमच वाढवावेत. महिन्याअखेर आईंना एक दिवसाआड, पण न कुंथता होऊ लागले. मधुमेहाचा आहार आम्ही मोडला नाही. दोन भाकऱ्यांवर थांबलो, भात आणला नाही, पालेभाजी दुप्पट केली. साखर मर्यादेत राहिली. कर्बोदके कमी करण्याला माझा विरोध नाही. त्यांच्याबरोबर डाळी, कडधान्ये आणि भाज्याही हद्दपार होतात, त्याला आहे.

रोज शौचास झालेच पाहिजे, हा आग्रहही सोडावा. खाणे निम्मे झाले तर मलही कमीच होणार. दोन दिवसांनी पण मऊ आणि विनासायास होत असेल तर ते बद्धकोष्ठ नव्हे, त्यासाठी रेचक नको. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा, कठीण खडे, कुंथणे, पुरते साफ न झाल्याची भावना, ही खरी लक्षणे.

इसबगोलाविषयी एवढेच, की तो पाण्याशिवाय घेतला तर फुगून अडथळाच करतो. एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा, वर आणखी एक पेला पाणी घ्यावे, झोपण्याच्या क्षणी घेऊ नये, आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. गिळताना ठसका लागणाऱ्यांना आणि आधीच मल तुंबलेल्यांना तो देऊच नये. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असल्यास पाण्याचे माप डॉक्टरांनीच ठरवून द्यावे.

आहारात बदल करणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या घरच्यांनी गोळ्यांची पाकिटे एकदा डॉक्टरांना दाखवावीत. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवले तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. आईंना सकाळी अकराच्या सुमारास घाम सुटून जीव घाबरत असे, तो याच कारणाने. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. त्या चालू असताना कर्बोदके फार कमी केली तर शरीर कोरडे पडतेच, शिवाय रक्तात आम्ले साचण्याचा गंभीर धोका असतो. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर साखर फारशी वाढलेली नसली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गोळ्या आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत.

आणि पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्याने बदलली असेल तर सारा दोष आहारावर टाकून मोकळे होऊ नये. शौचातून रक्त, रक्तक्षय, पोट फुगून वारा सरणेही बंद होणे, उलट्या, ही लक्षणे थांबून पाहण्याची नाहीत. विशेष सावध राहायचे ते वजनाबाबत. एरवी विनाकारण उतरणारे वजन घरच्यांना लगेच खटकते. आहार चालू असताना मात्र त्याचे कौतुक होते. म्हणून आईंचा आहार पूर्ववत केल्यावरही मी दोन महिने, दर पंधरा दिवसांनी त्यांचे वजन करून घेतले. ते स्थिर राहिले आणि हिमोग्लोबिनही ठीक निघाले. ते उतरतच राहिले असते, तर मी त्यांना दुर्बिणीने मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी पाठवले असते.