डाळीच्या पाकिटात तीन ग्रॅम कमी

तूरडाळीचं अर्ध्या किलोचं पाकीट हलकं लागतंय? दुकानदाराशी वाद घालण्याआधी दहा पाकिटं तोलून बघा. वेगवेगळ्या दिवशी आणलेली असली तर उत्तम. शेजारच्यांचीही चालतील. एकाच खोक्यातली घेतलीत, तर जे कळेल ते त्या खोक्यापुरतंच.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि डाळ त्यात ओता, म्हणजे पिशवीचं वजन मध्ये येत नाही. पण आधी ५०० ग्रॅमचं खात्रीचं माप ठेवून काटा तपासा. काटाच तीन ग्रॅम कमी दाखवत असेल, तर पुढच्या आकडेमोडीत ते कुठेही उघडं पडणार नाही.

समजा, वजनं अशी आली: ४९६, ४९९, ४९४, ५०१, ४९७, ४९५, ५००, ४९३, ४९८, ४९७. बेरीज ४९७०, सरासरी ४९७. तूट तीन ग्रॅमची. ती मोठी की किरकोळ, हे पाकिटं आपापसांत किती कमीजास्त भरतात त्यावर ठरतं.

म्हणून प्रत्येक वजनातून ४९७ वजा करा: −१, २, −३, ४, ०, −२, ३, −४, १, ०. यांची बेरीज शून्यच यायला हवी. आली नाही तर इथेच थांबा, वजाबाकी चुकली आहे.

आता या फरकांचे वर्ग करून मिळवा: ६०. त्याला नऊने भागा, दहाने नाही. सरासरी याच वजनांतून काढली, म्हणून एक कमी. उत्तर ६.६७, त्याचं वर्गमूळ २.५८. ते दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागा: ०.८२. शेवटी −३ ला ०.८२ ने भागलं की −३.६६. हा तुमचा टी.

टी-कोष्टक कॉलेजच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकात मागे असतं. नऊची ओळ धरा, दोन्ही बाजू मिळून ०.०५ चा रकाना बघा: २.२६२. गफलत होते ती इथेच. काही कोष्टकं एकाच बाजूची असतात, त्यांत ०.०२५ खाली बघायचं. १.८३३ दिसलं तर रकाना चुकला समजा. वजनं पाहून मग सोयीचा रकाना निवडू नका, तो आधीच ठरवा.

उणे चिन्ह सोडून ३.६६ हे २.२६२ पेक्षा मोठं आहे. तेव्हा कागदावर असं लिहा:

"दहा पाकिटांचं सरासरी वजन ४९७ ग्रॅम भरलं. खरी सरासरी ५०० असती, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे. टी −३.६६, ओळ ९."

"दुकानदार फसवतो" असं लिहू नका. तूट भरताना झाली, की डाळ पुढे सुकली, हे टी सांगत नाही. आणि टी २.२६२ च्या आत आला असता, तरी "वजन बरोबर आहे" असं लिहायचं नाही. "दहा पाकिटांवरून तूट दिसून आली नाही," एवढंच. खाली दहाही वजनं उतरवा, म्हणजे समोरच्यालाही हिशेब पडताळता येईल.