पंचाहत्तर घरं, तीन नकाशे

आई-बाबांसाठी वडोदऱ्यात घर बघताना बिल्डरचा माणूस म्हणाला, "टॉवरमध्ये जमीन वाचते, मोकळी हवा मिळते." घरी येऊन मी हिशेब मांडला.

समजा, एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन आहे आणि तिच्यावर ९० चौरस मीटरची ७५ घरं बसवायची आहेत. दुमजली रो हाउस बांधली, तर त्यांच्याखाली सुमारे ३,४०० चौरस मीटर जमीन जाते. चार मजली इमारतींखाली १,७०० जाते. मजल्यावर पाच फ्लॅट असलेल्या पंधरा मजली टॉवरला, जिना-लिफ्ट सोडून, ४५० पुरतात.

ब्रिटनच्या अर्बन टास्क फोर्सने १९९९च्या अहवालात अशीच हेक्टरी ७५ घरं तीन प्रकारे मांडली होती. दाटी तिन्हीकडे तेवढीच. बदलतं ते हे, की उरलेली जमीन कोणाची.

रो हाउसमध्ये तिचा बराच भाग ज्याच्या-त्याच्या अंगणात जातो. चार मजलीत मधला चौक सगळ्यांचा, पण खिडकीतून मुलांना हाक मारता येते. टॉवरचं मैदान सर्वांत मोठं, पण बाराव्या मजल्यावरून तिथे एकटं मूल कोण सोडणार? शिवाय तळघर नसेल, तर ७५ गाड्या येण्याजाण्याच्या जागेसह तिथलेच १,९०० चौरस मीटर घेतात.

म्हणून नकाशात आधी गाड्या कुठे आहेत ते बघा. चार मजलीतही एक अडचण आहेच: लिफ्ट नसेल तर गुडघे बोलतात. आम्ही तिथलाच तळमजला घेतला. आईची तुळस आता दारात आहे.