तारीख वर घ्या, साहेब

अकोल्याच्या एका कार्यालयातून ई-ऑफिसबद्दल कर्मचाऱ्यांना गेलेला ईमेल वाचला. सुरुवात ‘गतिमान प्रशासनाच्या दिशेने’ अशी, प्रशिक्षणाची तारीख चौथ्या परिच्छेदात आणि शेवटी ‘अडचण आल्यास संबंधितांशी संपर्क साधावा’. संबंधित कोण, ते गुलदस्त्यात. साहजिकच दुपारपर्यंत आस्थापनेच्या बाबूला सगळ्यांचा एकच प्रश्न : “मले कवा यायचं हाय?” मी असतो तर विषयाच्या ओळीतच लिहिलं असतं : ‘सोमवारपासून नवी फाईल फक्त ई-ऑफिसमध्ये, अकोल्याचं प्रशिक्षण मंगळवारी, अमरावतीचं बुधवारी.’ अर्थात मग सोमवार हा प्रशिक्षणानंतरचा हवा, हेही तिथेच उघडं पडतं. फायदा सांगायचा तो लिपिकाचा. पारदर्शकता साहेबांना लखलाभ. लिपिकाला हवं ते एवढंच, की फाईल कोणाकडे अडकली ते पडद्यावर दिसतं, चार टेबलं फिरावी लागत नाहीत. सोबत एक इशाराही हवा : पिवळी टिपणी बदलता येते, पण हिरवी टिपणी पुढे पाठवली की खोडता येत नाही. नव्या माणसाची पहिली फजिती इथेच होते. मदतीच्या दोन ओळी वेगळ्या ठेवाव्यात. पासवर्ड चालत नसेल तर तांत्रिक कक्षाचा नंबर, फाईल चुकून दुसऱ्याकडे गेली तर कार्यालयातल्याच जाणत्याचं नाव आणि त्याची वेळ. ‘संबंधित’ हा शब्द तेवढा सरळ काढून टाकायचा.