चमकत नाही म्हणून रेशीम नाही?

मंडळी, आज जरा भांडायला आले आहे. आम्ही बिलासपूरचे. सासऱ्यांचे पणजोबा भोसल्यांच्या काळात रतनपूरला आले, तेव्हापासून इकडचेच. घरात सोवळ्याला कायम चांपाचा कोसा. मागच्या महिन्यात पुण्याच्या मोठ्या जाऊबाईंनी सासूबाईंची कोशाची साडी बोहारणीला देऊन स्टीलचे दोन डबे घेतले. मी फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "अगं, ते कुठलं रेशीम! चमक तरी होती का त्याला? पाणी पडलं की डाग."

म्हणजे चमक हीच परीक्षा. पण ही परीक्षा कुणाची? तुतीच्या रेशमाची. पैठणी, कांजीवरम सगळं तुतीचं. तुतीच्या किड्याचा धागा बारीक, गुळगुळीत आणि आडवा कापला तर साधारण तिकोनी. त्यावर पडलेला उजेड एकसारखा परत फिरतो, म्हणून ती झळाळी. आमचा कोसा, म्हणजे तसर, ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या किड्याचा. त्याचा धागा जाड, चपटा, कुठे रुंद कुठे अरुंद. उजेड विखुरतो. घडी फिरवली की इथे-तिथे मधासारखा लखलखतो, एरवी गप्प. रंगही जन्मजात, मधाचा किंवा तांबूस. त्यात खोटं काय आहे?

खरं-खोटं पाहायचं तर पदराच्या टोकाचे दोन-तीन धागे ओढून चिमट्यात धरून जाळा. तुती असो की कोसा, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. जाऊबाईंना हल्ली "सिल्क" म्हणून मिळालेली झगझगीत साडी मी अशी तपासली होती. मणी झाला. ती मात्र कपाटात आहे!

आता डागाचं. ते खरं आहे. कोशावर पाण्याचा थेंब वाळला की कड उमटते, कारण कापडात उरलेला डिंक आणि खळ ओली होऊन कडेला सरकते. लोक तिथेच ओल्या फडक्यानं घासतात, मग कड आणखी मोठी होते. माझ्याकडे सासऱ्यांचा मुकटा आहे, त्यावर अभिषेकाच्या पाण्याचे सात-आठ ठिपके होते. इथल्या एका ड्रायक्लीनरनं तो दोनदा परत दिला, ठिपके तसेच. शेवटी घरी धुतला. आधी लाल काठावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहिलं, रंग लागला नाही. मग पूर्ण मुकटा एकदम साध्या गार पाण्यात बुडवला. सगळं कापड सारखं भिजलं की कड राहायला जागाच नसते. दहा मिनिटांनी रिठ्याच्या पाण्यात हलकेच दाबून काढला, दोनदा खळबळला, न पिळता टॉवेलात गुंडाळून पाणी टिपलं, सावलीत टाकला. थोडा दमट असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री. ठिपके गेले. काठाचा रंग सुटला असता तर मीही हात लावला नसता, हे सांगून ठेवते.

कपडे धुण्याची नेहमीची पावडर मात्र कुठल्याच रेशमाला नको. ती क्षारयुक्त असते, आणि डाग काढायला त्यात घातलेली पाचकं प्रथिनं तोडतात. रेशीम प्रथिनच आहे. तुतीला सगळ्यात जास्त जपायचं, कारण ओलं असताना ते कमजोर होतं आणि घासलं तर बारीक धागे तुटून पांढरट पट्टा दिसतो. कोसा त्या मानानं घासणं सोसतो.

धाकटे दीर गुवाहाटीला बँकेत होते, त्यांनी जावेला मुग्याची मेखला-चादर आणली. मुगा आसामचाच, जन्मतः सोनेरी. तिची बारा-पंधरा वर्षं घरीच धुतली जाते, आणि तेज कमी नाही, उलट वाढलंय. तिकडे तो आईचा मुलीला जातो.

त्यांनीच मला एरीची शाल आणली. एरंडाच्या पानांवरचा किडा. त्याचा कोष एका टोकाला उघडा, सलग धागा निघतच नाही, म्हणून कापसासारखा कातावा लागतो. त्यामुळे तो तुतीच्या सलग धाग्याइतका ताणाला पक्का नाही, आणि चमक शोधाल तर मुळीच नाही, लोकरीसारखा दिसतो. पण थंडीत ऊब देतो आणि दर धुण्याला मऊ होतो. जाऊबाईंच्या हाती लागली असती तर तिचे डबेही आले नसते, थेट पुसायला गेली असती.

मुकटा आता माझ्या कपाटात जुन्या सुती पंचात गुंडाळलेला आहे. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदलते. बिलासपूर-रायपूरकडे कुणी कोशाचं सोवळं बोहारणीला द्यायला काढलं असेल तर आधी मला कळवा, डबे मी देईन.