पहिल्या उत्तराची छाप आणि गुणदान

एका बाबतीतील छापेवरून इतर बाबीही तोलल्या जाणे, म्हणजेच मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवून दिलेला वलय-परिणाम, दीर्घोत्तरी उत्तरपत्रिकेत पहिल्याच पानापासून सुरू होतो: पहिले उत्तर नेटके असले की पुढच्या मोघम उत्तरालाही दहापैकी सात गुण मिळून जातात. म्हणून सर्व उत्तरपत्रिकांतील पहिला प्रश्न आधी तपासून, गठ्ठ्याचा क्रम बदलून मगच दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे. त्यामुळे परीक्षकाच्या थकव्याचा फटका दर वेळी तळाच्या त्याच विद्यार्थ्यांना बसत नाही. नियमन, म्हणजे नमुन्यादाखल निवडलेल्या उत्तरपत्रिकांची दुसऱ्या परीक्षकाकडून होणारी फेरतपासणी, मात्र आधीचे गुण झाकूनच व्हायला हवे, कारण सातचा आकडा दिसला की नियामकाची लेखणी त्याच्याच आसपास घुटमळते आणि मूळ चूक तपासली गेल्याचा शिक्का घेऊन कायम राहते.