‘कॉल ऑफ’ म्हणालं आणि मुलाखत गेली

माझी भाची बदलापूरला राहते. गेल्या वर्षी ती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत तिनं प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी अर्ज केला होता. मुलाखतीचं बोलावणं ईमेलवर आलं, पण दिवस नेमका तिच्या विद्यापीठाच्या पेपरचा, मंगळवारचा. तिनं लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवरून इंग्रजीत उत्तर टाकलं:

“हाय सर, आय’म नॉट फ्री ऑन ट्यूझडे, आय’व्ह गॉट ॲन एक्झाम. प्लीज कॉल ऑफ द इंटरव्ह्यू. आय’ल गेट बॅक टू यू. थँक्स.”

संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं की, आपल्या विनंतीनुसार मुलाखत रद्द करण्यात आली आहे. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. “खाला, मी तर फक्त पुढे ढकला म्हणाले होते!”

म्हणाली नव्हती. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. पुढे ढकलणे म्हणजे ‘पुट ऑफ’. त्यात “आय’ल गेट बॅक टू यू” म्हणजे “मीच नंतर कळवीन” असं सांगून तिनं पुढचं पाऊलही स्वतःकडे घेतलं होतं. कंपनीनं काय करायचं? तिनं सांगितलं तेच केलं.

शिकवणीच्या वर्गात मला हा गोंधळ नेहमी दिसतो. मुलांना वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं आहे. पण भाचीच्या त्या चार ओळींत व्याकरणाची एकही चूक नाही. चुकलं ते बोलण्याचं इंग्रजी आणि कागदावरचं इंग्रजी यांतलं अंतर.

हे अंतर आपल्याला नवीन नाही. घरी आपण म्हणतो, “रेशन कार्ड हरवलंय.” तहसील कार्यालयातल्या अर्जात लिहितो, “माझी शिधापत्रिका हरवली आहे.” ‘हरवलंय’ म्हणजे ‘हरवलं आहे’चं जोडून आखूड केलेलं रूप. इंग्रजीत ‘आय ॲम’चं ‘आय’म’ आणि ‘डू नॉट’चं ‘डोन्ट’ होतं, ते अगदी तसंच. हा लेखसुद्धा मी ‘आलं-गेलं’ अशा बोलीच्या वळणानं लिहितेय; उद्या नगरपालिकेला पत्र लिहायचं झालं तर ‘आले-गेले’ लिहीन. भाषा तीच, फक्त समोर कोण आहे ते बदललं.

इंग्रजीत ही दोन वळणं इतकी वेगळी का, याला इतिहास आहे. 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच राहिली. विद्वानांची भाषा लॅटिन होती. सामान्य माणूस घरात जुनं इंग्रजीच बोलत राहिला. त्यामुळे एकाच कामाला दोन-दोन शब्द झाले. घरातले छोटे छोटे शब्द जोडून बनलेलं ‘पुट ऑफ’, आणि दप्तरातलं लॅटिनचं ‘पोस्टपोन’. घरातलं ‘कॉल ऑफ’, दप्तरातलं ‘कॅन्सल’. आपल्याकडेही दख्खनच्या सुलतानांच्या काळात फारसी राज्यकारभाराची भाषा होती, म्हणून ‘अर्ज’, ‘दाखला’, ‘मंजूर’, ‘तारीख’ हे अरबी-फारसी शब्द आजही मराठी कचेरीत ठाण मांडून आहेत.

‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’, ‘कॉल’ अशा साध्या क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’, ‘बॅक’ असं शेपूट लागलं की जे जोडक्रियापद होतं, त्याला इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. त्याची खरी अडचण अशी की शेपूट बदललं की अर्थ पार बदलतो, आणि तो शब्दांवरून ओळखता येत नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या प्रसिद्ध इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जातात ती हीच जोडक्रियापदं. शिवाय एकाच जोडक्रियापदाचे अनेक अर्थ असतात. ‘टर्न डाउन’ म्हणजे पंख्याचा वेग कमी करणे आणि ‘टर्न डाउन’ म्हणजेच आलेलं स्थळ किंवा नोकरी नाकारणे. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, आणि एखाद्याचं मन उडेल असं वागणे हाही त्याचाच अर्थ. ‘पोस्टपोन’ला मात्र एकच अर्थ आहे. म्हणून औपचारिक पत्रात तो शब्द वापरायचा. तो भारदस्त आहे हे खरं, पण मुख्य कारण हे की त्याचा दुसरा अर्थ लागत नाही.

मग जोडक्रियापद अर्जात कधीच वापरायचं नाही का? इथे मुलं दुसऱ्या टोकाला जातात. उल्हासनगरच्या बाजारात कपडे घेतले तर बिलाखाली काय छापलेलं असतं, आठवा. “गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.” विकलेला माल परत घेतला जाणार नाही. यात ‘टेक बॅक’ हे जोडक्रियापदच आहे, तरी ओळ पूर्ण औपचारिक आहे, कारण तिचा अर्थ कुणालाही एकच लागतो. फॉर्म भरण्याला ‘फिल इन’ म्हणतात, चाचणी पार पाडण्याला ‘कॅरी आउट’. हेही सरकारी कागदात आणि प्रयोगशाळेच्या अहवालात बिनदिक्कत चालतं. एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात यंत्रणा थांबवण्याला ‘शट डाउन’ म्हणतात. तो तिथला कामाचा शब्द आहे. त्याच्या जागी कुणी लॅटिन शब्द घातला तर कामगाराला कळायचं नाही, आणि कारखान्यात न कळणं धोक्याचं असतं.

त्याच बिलात आणखी एक गोष्ट पाहा. ‘विल नॉट’ पूर्ण छापलंय, ‘वोन्ट’ नाही. अटीत, हमीपत्रात, नियमात ‘नॉट’ हा सर्वांत महत्त्वाचा शब्द असतो. तो आखूड रूपात दडपला की घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून नकार असलेली कागदावरची वाक्यं पूर्ण लिहावीत: ‘कॅनॉट’, ‘डू नॉट’, ‘विल नॉट’.

बोलताना उलट आहे. तिथे आखूड रूपंच स्वाभाविक वाटतात. फोनवर कुणी प्रत्येक वेळी ‘आय ॲम’, ‘आय डू नॉट’, ‘इट इज’ असं सुटं सुटं बोलू लागलं तर पाठ केलेलं म्हणून दाखवतोय असं वाटतं. “विल यू नॉट कम?” हे रागावून विचारल्यासारखं ऐकू येतं, “वोन्ट यू कम?” म्हणजे “येणार ना?”

पण बोलण्यातही दोन जागा सांभाळायच्या. पहिली, ‘कॅन’ आणि ‘कान्ट’. बरेच जण ‘कान्ट’ला ‘कॅन्ट’ म्हणतात आणि शेवटचा ‘ट’ धावत्या लोकलच्या आवाजात विरून जातो. “आय कॅन्ट कम” म्हटलं तर समोरच्याला “आय कॅन कम”, म्हणजे “मी येऊ शकते” असं ऐकू येतं. नकार महत्त्वाचा असेल तर फोनवरही ‘कॅनॉट’ असं पूर्ण म्हणा. दुसरी जागा वाक्याच्या शेवटची. “आर यू रेडी?” या प्रश्नाला “येस, आय ॲम” असंच उत्तर येतं. “येस, आय’म” असं इंग्रज माणूस कधीच म्हणत नाही. शेवटच्या शब्दावर जोर असतो आणि जोर असलेला शब्द आखडता येत नाही.

आता भाचीच्या पत्राकडे. त्याच रात्री आम्ही दोघींनी बसून नवीन लिहिलं:

“डिअर सर, थँक यू फॉर युअर रिप्लाय. आय ॲम सॉरी दॅट माय अर्लिअर मेसेज वॉज नॉट क्लिअर. आय डू नॉट विश टू कॅन्सल द इंटरव्ह्यू. आय हॅव अ युनिव्हर्सिटी एक्झामिनेशन ऑन ट्यूझडे. वुड इट बी पॉसिबल टू पोस्टपोन द इंटरव्ह्यू टू वेन्झडे ऑर थर्झडे? आय ॲम अव्हेलेबल ऑन बोथ डेज आफ्टर टेन. युअर्स सिन्सिअरली,” आणि खाली पूर्ण नाव, फोन नंबर.

काय बदललं ते सांगते. ‘हाय’च्या जागी ‘डिअर सर’ आलं. ‘आय’म’चं ‘आय ॲम’ झालं. ‘कॉल ऑफ’ गेलं, आणि ‘कॅन्सल’ नको, ‘पोस्टपोन’ हवं, हे दोन वेगळ्या वाक्यांत स्पष्ट आलं. ‘प्लीज’ लावलेला हुकूम जाऊन “वुड इट बी पॉसिबल” हा प्रश्न आला, म्हणजे “शक्य होईल का?” आणि ‘गेट बॅक टू यू’ काढून दोन ठरावीक दिवस दिले, म्हणजे समोरच्यानं फक्त एक निवडायचा.

भाचीला त्यात “काइंडली डू द नीडफुल” घालायचं होतं. मी घालू दिलं नाही. आपल्या कचेऱ्यांत हा जुना शब्दप्रयोग अजून चालतो, पण त्यात ‘जे करायचं ते करा’ एवढंच असतं. काय करायचं हे आपणच एका वाक्यात सांगितलं होतं, मग त्याची गरज काय?

कंपनीनं गुरुवार दिला. बुधवारी सकाळी तिथून फोन आला तेव्हा ती माझ्याच घरी होती. समोरची बाई हसून म्हणाली, “सो यू’ल बी हिअर टुमॉरो?” भाचीनं घाबरून सुरुवात केली, “येस मॅडम, आय शॅल…” मी हातानंच खूण केली, साधं बोल. ती थांबली आणि म्हणाली, “येस, आय’ल बी देअर. आय वोन्ट बी लेट.”

फोनवर तेच शोभत होतं.