खोक्याची यशोगाथा नको, थप्पीचा हिशेब द्या

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या खोक्यांच्या पुरवठादाराने 'केस स्टडी' लिहून घ्यायची म्हटली की साचा ठरलेलाच असतो. ग्राहक अडचणीत होता, आम्ही धावून गेलो, खर्च १५ टक्क्यांनी घटला, ग्राहक खूश. याचं समर्थनही तयार असतं. परचेस मॅनेजरला वेळ नसतो, शेवटी तो दरच बघतो, तेव्हा टक्का ठळक छापा आणि मोठ्या कंपनीचं नाव टाका. तांत्रिक तपशील वाचतो कोण?

वेळ नसतो, हे कबूल. पण तो फक्त दर बघतो, हे साफ चूक. दर उतरवून घेणं त्याला फोनवरही जमतं. पुरवठादार बदलायचा तर त्याला वरिष्ठांना कारण द्यावं लागतं आणि जुलैमध्ये खालचे खोके बसले, तर त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. त्याच्या दृष्टीने १५ टक्के हा आकडा मुका आहे. कशाचे १५ टक्के? खोक्याच्या दराचे, वाहतुकीचे, की खराब मालाचे? नावाचंही तेच. मोठे कारखाने गोपनीयतेच्या करारामुळे बहुधा नाव छापू देत नाहीत, आणि दिलं तरी त्यावरून वाचणाऱ्याला आपल्या गोदामात काय होईल ते कळत नाही. सुट्या भागाचं वजन, थप्पीची उंची आणि माल किती दिवस पडून राहतो, एवढं सांगितलं तर नाव नसलं तरी चालतं.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. यंत्रावर घडवलेले लोखंडी भाग, भरलेल्या खोक्याचं वजन १२ किलो. एका पॅलेटवर पाच थर, आणि अशी दोन पॅलेट एकावर एक. म्हणजे तळच्या खोक्यावर नऊ खोक्यांचं १०८ किलो ओझं, वरच्या पॅलेटच्या वजनाचा वाटा वेगळाच. खोका फाइव्ह प्लाय, प्रयोगशाळेत ४५० किलो दाब सोसणारा. कागदावर चौपट ताकद, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण ती चाचणी ५० टक्के आर्द्रतेची. पावसाळ्यात हवा ९० टक्क्यांकडे गेली की पुठ्ठ्याची ताकद साधारण निम्म्यावर येते, म्हणजे २२५. माल महिनोन्‌महिने एकाच ओझ्याखाली उभा राहिला की पुठ्ठा हळूहळू दबत जातो आणि सोसण्याची ताकद पुन्हा जवळपास निम्मी होते. उरले सुमारे ११०. थप्पी तिथेच बसते.

आणि बहुतेक खरेदीपत्रांत असतं काय? जीएसएम आणि बीएफ. बीएफवरून कळतं ते कागद दाबाखाली फुटायला किती जोर लागतो ते. थप्पीचं ओझं मात्र पुठ्ठ्याच्या उभ्या कडा पेलतात, त्यासाठी कडेची आणि अख्ख्या खोक्याची दाबचाचणी लागते. चांगल्या लेखाने ही फट दाखवावी. पुरवठादाराला ते अवघड जातं, कारण आतापर्यंत त्यानेही बीएफवरच माल विकलेला असतो.

आता उपाय. नेहमीच्या लेखात लिहिलेलं असतं, 'कागद बदलला, थप्पी टिकली.' मुरलेला परचेसवाला इथे एकच प्रश्न विचारतो : त्याच वेळी थर रचण्याची पद्धतही बदललीत का? विटांसारखे आडवे-उभे रचलेले खोके एकमेकांना धरून ठेवतात, पण कोपऱ्यावर कोपरा येत नाही आणि कोपरे हाच खोक्याचा कणा, त्यामुळे ताकद बरीच घटते. सरळ रांगेत रचले तर ती फुकटात परत मिळते, फक्त पट्ट्या किंवा स्ट्रेच फिल्म नीट लावावी लागते. दोन्ही बदल एकदम केले असतील, तर श्रेय कागदाचं की रचनेचं, हे लेखकाला सांगता येत नाही. म्हणून चाचणी टप्प्याटप्प्याने घ्यावी : आधी जुना खोका सरळ रचून, मग नवा खोका तशाच रचनेत, दोन्ही पावसाळ्यात. पहिल्याच टप्प्यात काम भागलं, तर तसं लिहावं. विक्रीवाले कुरकुर करतील, करू देत.

नवा खोका लागलाच, तर पैशाचा हिशेब उघडा ठेवावा. समजा, खोका ६० रुपयांचा ६८ ला गेला आणि वर्षाला २०,००० खोके लागतात. जादा खर्च १ लाख ६० हजार. पूर्वी दर २०० मागे एक खोका बसत होता, म्हणजे वर्षाला १००. पुन्हा तपासणी, पॅकिंग आणि डेबिट नोट धरून एकाला २,५०० रुपये, म्हणजे अडीच लाख. बसणं पूर्ण थांबलं तरी निव्वळ बचत ९० हजार. निम्मंच थांबलं तर ३५ हजारांचा तोटा. हा निम्म्याचा आकडाही छापावा, कारण परचेस मॅनेजर तो स्वतः काढणारच आहे.

शेवटी मर्यादेचा परिच्छेद. माल आठवड्यात निघून जात असेल किंवा एकच पॅलेट उंच ठेवलं जात असेल, तर जुना खोका पुरतो, हे पुरवठादाराने स्वतःच्या सहीखाली लिहावं. असा ग्राहक त्याला महाग खोक्याची ऑर्डर देणार नाही. पण दोन पॅलेट चढवून तीन महिने माल ठेवणारा, हे वाचून, चाचणीचा लॉट मागायला फोन करेल.